सायनसचा सीटी ऑपरेशनआधी कसा वाचायचा: आधी हाड, मग आजार

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या कोणत्याही स्कॅन सेंटरमधून आलेला सायनसचा सीटी उघडला की नजर पहिल्यांदा जाते ती पांढुरक्या भरलेल्या सायनसकडे. कुठे पॉलिप आहेत, किती सायनस बंद आहेत, फंगस दिसतो का, हे पाहिलं जातं, आणि सोबतच्या रिपोर्टमध्येही बहुतेक तेवढंच लिहिलेलं असतं. पण दुर्बिणीतून ऑपरेशन करणाऱ्याच्या हातून इजा होते ती आजाराला हात लागल्यामुळे होत नाही, आजाराच्या पलीकडच्या हाडाला हात लागल्यामुळे होते. ते हाड बाजूला डोळ्याचं असतं, वर मेंदूचं असतं आणि मागे ऑप्टिक नर्व्ह व कॅरोटिडचं असतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. पहिल्या फेरीत आजाराकडे पाहायचंच नाही, फक्त हाडाची रेघ धरून समोरून मागे जायचं. आजार दुसऱ्या फेरीत.

हा लेख मेडिकल, मेयो किंवा खासगी रुग्णालयांत काम करणाऱ्या कान-नाक-घसा विभागातल्या रेसिडेंट आणि नव्या सर्जनसाठी आहे. फ्रंटल रिसेसच्या पेशींची वर्गवारी हा वेगळा मोठा विषय आहे, त्यात इथे शिरलेलो नाही.

सुरुवात करण्याआधी

फिल्मवर विसंबून ऑपरेशन ठरवू नका. गोंदिया, गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाटहून येणारे रुग्ण अनेकदा फक्त फिल्म घेऊन येतात. तिच्यावर तीन-तीन, पाच-पाच मिलिमीटर अंतराचे कोरोनल काप छापलेले असतात. आडवी जाणारी अँटीरियर एथमॉइड धमनी जेमतेम एक मिलिमीटरची असते, ती अशा दोन कापांच्या मधे सहज हरवते. सेंटरला फोन करून मूळ डायकॉम डेटा सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागवा. काप ०.५ ते १ मिमीचे हवेत, कॉन्ट्रास्टशिवाय चालतील, आणि कपाळाच्या सायनसपासून वरच्या दातांपर्यंत तसंच नाकाच्या टोकापासून स्फीनॉइडच्या मागच्या भिंतीपर्यंत सगळा भाग त्यात यायला हवा. संगणकावर कोरोनल, अ‍ॅक्सिअल आणि सॅजिटल अशी तिन्ही चित्रं शेजारी-शेजारी उघडा.

नंतर नाव, तारीख आणि बाजू तपासा. पडद्यावर रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण फिल्म उलटी लावली गेली किंवा बाहेरून आलेला फोटो आडवा फिरला की ते ठाऊक असून उपयोग होत नाही. खात्रीचा उपाय असा, की ओपीडीत दुर्बिणीतून पाहिलेली एखादी खूण चित्रात शोधायची. नाकाचा पडदा खाली डावीकडे वळलेला पाहिला असेल, तर सीटीतही तो डावीकडेच वळलेला दिसायला हवा. जुळलं नाही तर पुढे जाऊ नका.

सीटी कधी काढला तेही विचारा. सर्दीचा जोर असताना काढलेल्या सीटीत सुजेमुळे सगळंच भरलेलं दिसतं. औषधांचा पूर्ण कोर्स झाल्यावर काढलेला सीटी हवा. मधल्या काळात अपघात किंवा नाकाचं दुसरं ऑपरेशन झालं असेल, तर जुन्या सीटीवर हाडांचा अंदाज बांधू नका.

आता डोकं सरळ करा. स्कॅनच्या वेळी मान किंचित कललेली असेल तर एका बाजूचं छत खाली आणि दुसऱ्या बाजूचं वर दिसतं, आणि तो फरक खरा वाटतो. अ‍ॅक्सिअलमध्ये दोन्ही डोळ्यांची भिंगं एकाच कापात येतील आणि कोरोनलमध्ये दोन्ही गालांची हाडं समान उंचीवर दिसतील, अशा रीतीने चित्राची अक्षरेषा फिरवून घ्या. कोरोनल काप कठीण टाळूला काटकोनात ठेवा. याला दोन मिनिटं लागतात, पण पुढचं प्रत्येक माप त्यावर उभं असतं.

विंडो हाडाची ठेवा, रुंदी २००० ते २५०० आणि लेव्हल ३०० च्या आसपास. ही विंडो अरुंद केली की पातळ हाड चित्रातून नाहीसं होतं आणि नसलेलं भोक दिसू लागतं. सॉफ्ट टिश्यू विंडो, म्हणजे साधारण रुंदी ३५० आणि लेव्हल ४०, आपल्याला फक्त दोन कामांसाठी लागेल: डोळ्याची चरबी ओळखायला आणि फंगसचा दाट चिकट मळ ओळखायला.

डोळ्याची भिंत

कोरोनल चित्रात अश्रुपिशवीच्या पातळीवर थांबा आणि तिथून डोळ्याच्या आतल्या भिंतीची, म्हणजे लॅमिना पॅपिरेशियाची, रेघ धरा. एक-एक काप मागे सरकत ऑर्बिटच्या टोकापर्यंत जा. आधी उजवी बाजू पूर्ण करा, मग डावी. दोन्ही बाजू एकत्र पाहण्याच्या नादात एकीकडचा दोष निसटतो.

पहिला प्रश्न: ही भिंत मॅक्सिलरी सायनसच्या नैसर्गिक तोंडाच्या तुलनेत कुठे आहे? तोंडातून वर एक उभी रेघ काढा. भिंत त्या रेघेवर किंवा तिच्या बाहेर असेल तर बरं. ती रेघेच्या आत, म्हणजे नाकाच्या बाजूला आलेली असेल, तर अन्सिनेट कापताना पहिल्याच कापाला चाकू डोळ्यात जाऊ शकतो. याहून फसवी स्थिती म्हणजे लहान राहिलेला किंवा आत ओढला गेलेला मॅक्सिलरी सायनस. त्यात अन्सिनेट प्रोसेस बाहेर सरकून लॅमिनाला चिकटलेली असते, मधे जागाच उरत नाही आणि डोळ्याचा तळही खाली आलेला असतो. अशा रुग्णात सिकल नाइफ समोरून खुपसू नये. बॉल प्रोबने अन्सिनेटची मागची कड पकडून ती पुढे ओढावी आणि बॅकबाइटरने मागून पुढे कापावी.

दुसरा प्रश्न भिंत सलग आहे का हा. जुन्या मारामुळे, विशेषतः दुचाकीच्या अपघातानंतर, लॅमिना आत दबलेली असते आणि डोळ्याची चरबी एथमॉइडमध्ये उतरलेली असते. रुग्ण ती घटना विसरलेला असतो. हाडाच्या विंडोत ती चरबी पॉलिपसारखीच राखाडी दिसू शकते. सॉफ्ट टिश्यू विंडो लावली की फरक लगेच कळतो, कारण चरबी काळी दिसते आणि पॉलिप राखाडीच राहतो. ऑपरेशनच्या वेळी शंका आली तर सहायकाने बंद पापणीवरून डोळा हलका दाबावा. दुर्बिणीत समोरचा फुगवटा त्यासोबत हलला, तर ते डोळ्याचं आहे आणि तिथे उपकरण लावायचं नाही.

तिसरी गोष्ट अ‍ॅक्सिअल चित्रात पाहा. मीडियल रेक्टस हा स्नायू पुढच्या भागात भिंतीपासून दूर असतो आणि मधे चरबीची गादी असते. मागे जाल तसा तो भिंतीच्या जवळ येत जातो. म्हणून पुढच्या एथमॉइडमध्ये लॅमिना फुटली तर बहुधा थोडी चरबी दिसते आणि तिथेच थांबलं तर नुकसान टळतं. मागच्या एथमॉइडमध्ये तीच चूक स्नायूपर्यंत पोचते. डीब्रायडर सक्शनने ऊतक आपल्याकडे ओढून कापतो, त्यामुळे भिंतीत लहानसं भोक असलं तरी स्नायू आत खेचला जाऊ शकतो. त्यातून कायमचं दुहेरी दिसणं उरतं आणि ते दुरुस्त करणं फार अवघड असतं. डीब्रायडरचं तोंड लॅमिनाकडे कधीच नको, मागच्या एथमॉइडमध्ये तर मुळीच नको.

अँटीरियर एथमॉइड धमनी

तीही डोळ्याच्याच भिंतीवरून निघते, पण तिला वेगळं बसून शोधावं लागतं. कोरोनलमध्ये डोळ्याच्या बुबुळगोलाच्या मागच्या कडेच्या आसपास या. ऑर्बिटच्या आतल्या भिंतीवर, वरचा तिरका स्नायू आणि मीडियल रेक्टस यांच्या मधे, भिंतीचा एक छोटा टोकदार उंचवटा नाकाकडे आलेला दिसेल. धमनी तिथून बाहेर पडते. मग पुढे-मागे दोन-चार काप सरकवून ती आत आणि किंचित पुढे तिरकी जात क्रिब्रिफॉर्म प्लेटच्या बाजूला पोचते का ते पाहा. अश्रुखोबणीच्या पुढच्या कडेपासून तिचं अंतर साधारण २४ मिमी असतं, तिच्यामागे सुमारे १२ मिमीवर पोस्टीरियर एथमॉइड धमनी आणि तिथून सुमारे ६ मिमीवर ऑप्टिक नर्व्ह. हे आकडे दिशा दाखवतात. प्रत्यक्षात माणसागणिक त्यांत बराच फरक पडतो, म्हणून समोरच्या रुग्णाचं माप त्याच्याच सीटीवर घ्या.

महत्त्वाचं माप एकच: धमनी छताला टेकलेली आहे की छतापासून खाली सुटलेली आहे? छतात गाडलेली असेल तर हाड तिला सांभाळतं. पण डोळ्याच्या वर पसरलेली सुप्राऑर्बिटल पेशी असेल, तर धमनीच्या वरही हवा असते. मग ती पातळ पडद्यात, खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी, छताखाली काही मिलिमीटर लोंबत असते. दुर्बिणीतून ती एथमॉइडच्या एखाद्या पडद्यासारखीच वाटते आणि पडदा समजून कापली जाते.

ती कापली गेल्यावर नाकात वाहणारं रक्त थांबवता येतं. खरा धोका वेगळा आहे. कापलेलं टोक आखडून ऑर्बिटमध्ये जातं आणि तिथे बंद जागेत रक्त साचू लागतं. काही मिनिटांत डोळा पुढे येतो, हाताला दगडासारखा लागतो, बाहुली पसरते आणि प्रकाशाला प्रतिसाद देईनाशी होते. आतला दाब वाढल्यामुळे डोळ्याचा पडदा आणि ऑप्टिक नर्व्ह यांचा रक्तपुरवठा तुटतो. साधारण ६० ते ९० मिनिटांत दाब उतरवला नाही तर नजर परत येण्याची आशा फार कमी राहते. म्हणून ऑपरेशनच्या वेळी डोळे कापडाखाली झाकू नका. शंका येताच नाकातला पॅक काढा, लॅटरल कँथॉटॉमी आणि खालची कँथॉलिसिस करा, भूलतज्ज्ञाला मॅनिटॉल द्यायला सांगा आणि नेत्रतज्ज्ञाला बोलवा, पण त्यांची वाट पाहत कँथॉटॉमी लांबवू नका. तिला लागणारी कात्री आणि आर्टरी फोर्सेप्स ट्रॉलीवर आधीपासून असाव्यात. ही धमनी इंटर्नल कॅरोटिडकडून, ऑफ्थॅल्मिक धमनीमार्फत येते. त्यामुळे नाकाच्या मागच्या रक्तस्रावात करतात तसं एम्बोलायझेशन इथे करता येत नाही, त्यातून डोळाच जाऊ शकतो.

मेंदूचं छत

इथे दोन वेगळी हाडं एकत्र येतात. बाहेरच्या बाजूला एथमॉइडचं छत असतं, ते तुलनेने जाड. मध्यभागी, मिडल टर्बिनेटच्या आतल्या बाजूला, खाली उतरलेली क्रिब्रिफॉर्म प्लेट असते. या दोन पातळ्यांना जोडणारी उभी पातळ भिंत म्हणजे लॅटरल लॅमेला. कवटीच्या तळातलं सर्वांत पातळ हाड तेच, जाडी ०.०५ ते ०.२ मिमी. आणि अँटीरियर एथमॉइड धमनी नेमकी याच भिंतीतून आत शिरते, म्हणजे तिथे ती अधिकच कमजोर असते. मेंदूभोवतीचं पाणी गळण्याची इजा बहुतेक वेळा इथेच होते.

माप घ्यायची पद्धत: धमनीच्या पातळीवरच्या कोरोनल कापात क्रिब्रिफॉर्म प्लेटमधून एक आडवी रेघ काढा आणि तिथून एथमॉइडच्या छतापर्यंतची उंची मोजा. १९६२ मध्ये केरॉस यांनी मांडलेल्या वर्गवारीत १ ते ३ मिमी म्हणजे पहिला प्रकार, ४ ते ७ दुसरा आणि ८ ते १६ तिसरा. उंची जितकी जास्त, तितकी ती कागदी भिंत एथमॉइडच्या पोकळीत जास्त उघडी पडते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, कारण असमान छत हा स्वतंत्र धोका आहे. पहिली बाजू करून सरावलेला हात दुसऱ्या बाजूला त्याच उंचीवर जातो आणि छत मात्र खाली असतं.

पण केरॉसच्या आकड्यावर थांबू नका, त्याला दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे तो फक्त दोन हाडांमधला फरक सांगतो. संपूर्ण छतच खाली असेल तर पहिल्या प्रकारातही मोकळी जागा कमीच असते. त्यासाठी मागच्या एथमॉइडच्या कोरोनल कापात मॅक्सिलरी सायनसच्या छतापासून कवटीच्या तळापर्यंतची उंची मोजा. मॅक्सिलरी सायनस उंच असेल तर वरचा एथमॉइड बुटका असतो, आणि पुढच्या एथमॉइडच्या सवयीने वर गेलेलं उपकरण इथे लवकर छताला लागतं. सॅजिटल चित्र उघडलं की हेच आणखी स्पष्ट दिसतं: छत मागे जाताना खाली उतरत जातं, आणि काहींमध्ये हा उतार तीव्र असतो.

दुसरी मर्यादा कोनाची. लॅटरल लॅमेला अगदी उभी असेल तर वर सरळ जाणारं उपकरण तिच्या बाजूने निघून जातं. ती तिरकी, आडवी होत गेली, तर तेच उपकरण खालून थेट तिच्यावर येतं. क्रिब्रिफॉर्मच्या आडव्या पातळीशी तिचा कोन ८० अंशांहून जास्त असेल तर धोका कमी, ४५ ते ८० मध्ये मध्यम आणि ४५ च्या खाली जास्त. उथळ पण तिरकी भिंत खोल पण उभ्या भिंतीइतकीच काळजी मागते.

मिडल टर्बिनेटचा वरचा उभा भाग याच सांध्याला जोडलेला असतो. म्हणून टर्बिनेट हलवून, पिरगाळून मोकळी करायची नाही. काढायचीच असेल तर कात्रीने कापा आणि वरची कड शिल्लक ठेवा. टर्बिनेटच्या बाहेरच्या बाजूला काम करत राहणं आणि तिच्या आतल्या बाजूला वर न जाणं, एवढ्या शिस्तीने क्रिब्रिफॉर्म वाचते.

मागची खोली: ओनोडी पेशी आणि स्फीनॉइड

कोरोनलमध्ये नाकाच्या मागच्या दारापर्यंत, म्हणजे कोएनापर्यंत, या. त्याच्या वर जी हवेची पोकळी दिसते ती स्फीनॉइड. तिच्यात उभा पडदा दिसला तर तो दोन स्फीनॉइडमधला पडदा. आडवा पडदा दिसला तर वरची पोकळी स्फीनॉइड नव्हे. मागच्या एथमॉइडची पेशी स्फीनॉइडच्या वर चढून बसली आहे, हीच ओनोडी पेशी. सॅजिटलमध्ये पडताळून घ्या. ऑप्टिक नर्व्ह या पेशीच्या बाहेरच्या-वरच्या भिंतीतून जाते, कधी जवळपास उघडी. एथमॉइडच्या शेवटच्या पेशीतून सरळ मागे गेलं की स्फीनॉइड उघडतो असं मनात धरलं, तर ओनोडीच्या रुग्णात ते मागे जाणं नर्व्हवर किंवा कवटीच्या तळावर संपतं. खरा स्फीनॉइड तिच्या खाली आणि आत असतो. त्याचं नैसर्गिक तोंड सुपीरियर टर्बिनेटच्या आतल्या बाजूला, कोएनाच्या वरच्या कडेपासून साधारण १ ते १.५ सेंटिमीटर वर सापडतं.

अ‍ॅक्सिअलमध्ये स्फीनॉइडमधला पडदा मागे कुठे टेकतो ते पाहा. तो क्वचितच मधोमध असतो, अनेकदा एका बाजूला वळून कॅरोटिडच्या हाडावर जाऊन संपतो. असा पडदा पकडून पिरगाळला तर कॅरोटिडवरचं हाड सोबत तुटू शकतं. तो थ्रू-कटिंग पंचने कापायचा किंवा तसाच सोडायचा. कॅरोटिडवर हाड दिसत नसेल तर ते नाहीच असं धरून चाला. खरं तर इतकं पातळ हाड सीटीत नाहीसं दिसू शकतं, पण ती चूक सुरक्षित बाजूची आहे. अँटीरियर क्लिनॉइडमध्ये हवा शिरलेली असेल तर ऑप्टिक नर्व्ह चारही बाजूंनी पोकळीत उघडी पडलेली असू शकते. ती बाजू लिहून ठेवा.

आता आजार

हाडं झाली की सायनस पाहा. भरलेल्या सायनसच्या आत सॉफ्ट टिश्यू विंडोत दाट पांढरे पट्टे दिसले, सायनस फुगलेला असला आणि भिंती पातळ होऊन बाहेर वाकलेल्या असल्या, तर अ‍ॅलर्जिक फंगल सायनुसायटिसचा विचार करा. यात हाड दाबाने झिजतं. डोळ्याचं आणि मेंदूचं आवरण बहुधा शाबूत असतं, पण सर्जनच्या उपकरणासमोर हाडाची भिंत उरलेली नसते.

एक नियम कडक पाळा. छताला भोक आणि त्याच्याखाली लागून भरलेली पोकळी असं चित्र असेल, तर एमआरआय झाल्याशिवाय तिथे बायोप्सीसुद्धा घेऊ नका. खाली आलेला मेंदूचा भाग सीटीत पॉलिपसारखाच दिसतो.

मधुमेही रुग्णात डोळ्याच्या किंवा गालाच्या मागच्या चरबीत धूसरपणा दिसला तर म्युकर मनात ठेवा. तिथे हाड शाबूत असतानाही आजार पलीकडे गेलेला असू शकतो, म्हणून कॉन्ट्रास्ट एमआरआय लागतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नागपुरात म्युकरसाठी ऑपरेशन झालेले रुग्ण आजही तक्रारी घेऊन येतात. त्यांच्यात टर्बिनेट, अन्सिनेट या ओळखीच्या खुणा उरलेल्या नसतात. मॅक्सिलरी सायनसचं छत, लॅमिना, कोएना आणि पडद्याची मागची कड, जे शिल्लक आहे त्यावर नकाशा मांडावा लागतो.

एक उदाहरण पूर्ण वाचून

समजा, काटोलकडचा ३४ वर्षांचा संत्रा बागायतदार आहे. नाक बंद, वास येत नाही, दोन्हीकडे पॉलिप, उजवीकडे जास्त. काप ०.६ मिमीचे, डोकं सरळ करून घेतलं. पडदा डावीकडे वळलेला, दुर्बिणीशी जुळला.

उजवीकडे लॅमिना बाहेर वाकलेली आणि मागच्या एथमॉइडजवळ ४ मिमी भागात हाड दिसत नाही. सॉफ्ट टिश्यू विंडोत तिथे डोळ्याच्या चरबीची कड गुळगुळीत आहे आणि मीडियल रेक्टस त्या फटीला अगदी लागून आहे. उजवी धमनी छतापासून ४ मिमी खाली, वर सुप्राऑर्बिटल पेशी. डावी धमनी छतात गाडलेली. छताची उंची उजवीकडे ८ मिमी, कोन ५५ अंश. डावीकडे ५ मिमी, कोन ८५ अंश. मागच्या एथमॉइडच्या छतात उजवीकडे ३ मिमी भाग झिजलेला आणि खाली दाट मळ. डावीकडे स्फीनॉइडवर आडवा पडदा, म्हणजे ओनोडी पेशी, तिच्या भिंतीवर ऑप्टिक नर्व्हचा उंचवटा. स्फीनॉइडमधला पडदा डाव्या कॅरोटिडवर संपतो.

छतातल्या झिजेमुळे एमआरआय मागवला. टी२ चित्रात सायनसचा मळ काळा, मेंदूचं आवरण सलग, खाली काही उतरलेलं नाही. नेत्रविभागात नजर, रंगदृष्टी आणि डोळ्यांच्या हालचाली तपासून कागदावर नोंदवल्या, कारण ऑपरेशननंतर तुलना कशाशी करायची हे तेव्हा ठरवता येत नाही. संमतीपत्रात डोळ्याचा आणि पाणी गळण्याचा धोका मराठीत समजावून लिहिला.

यातून ठरलेली योजना अशी. उजवीकडे आधी मॅक्सिलरी सायनसचं तोंड मोठं करून त्याचं छत दिसेल असं करायचं. ती पातळी वर न ओलांडता, खाली आणि आतल्या बाजूने बेसल लॅमेलामधून मागच्या एथमॉइडमध्ये शिरायचं. सुपीरियर टर्बिनेटच्या आत स्फीनॉइडचं तोंड शोधून तो उघडायचा आणि त्याच्या छतावरून कवटीच्या तळाची खरी उंची डोळ्याने पाहायची. तिथून छत धरून मागून पुढे यायचं, म्हणजे उपकरणाचा रोख मेंदूपासून दूर राहतो. झिजलेल्या छताखालचा आणि लॅमिनाच्या फटीजवळचा मळ फक्त सलाइनने धुऊन आणि बोथट सक्शनने काढायचा, ओढून नाही. डीब्रायडर फक्त पोकळीच्या मधल्या पॉलिपसाठी. पुढे येताना धमनीचा पडदा दिसला की तो तसाच सोडायचा, तिच्या पुढच्या आणि मागच्या पेशी वेगवेगळ्या साफ करायच्या. मोनोपोलर कॉटरी छताजवळ आणणार नाही.

डावीकडे हात सोपा वाटेल, पण थांबायची जागा वेगळी आहे. एथमॉइडच्या सर्वांत वरच्या मागच्या पेशीची मागची भिंत उघडायची नाही. स्फीनॉइडमध्ये आतून, तोंडातूनच शिरायचं आणि त्यातल्या पडद्याला हात लावायचा नाही.

या सगळ्याचा एक पानाचा कागद करून सीटीच्या पडद्याशेजारी चिकटवा: वर उजवी आणि डावी बाजू मोठ्या अक्षरात, खाली प्रत्येक बाजूची तीन-चार वाक्यं. नेव्हिगेशन असलं तरी हा कागद हवाच. ते यंत्र चांगलं जुळवल्यावरही साधारण २ मिमीपर्यंत चुकू शकतं आणि लॅटरल लॅमेलाची जाडी त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी आहे. सुरुवातीला आणि अधूनमधून प्रोब नाकाच्या पडद्यावर, कोएनाच्या कडेवर टेकवून स्क्रीनवरचा बिंदू तिथेच पडतो का ते पाहावं. सरकला असेल तर पुन्हा जुळवावं.

पॅक घालायचाच झाला तर उजवीकडे हलका आणि विरघळणारा, फटीवर दाब न देणारा. वॉर्डमध्ये पहिले सहा तास दर तासाला नर्सने डोळ्याची सूज, बाहुली आणि बोटं मोजता येतात का हे तपासून लिहायचं. नाक शिंकरायचं नाही, कारण लॅमिनाच्या फटीतून हवा डोळ्याभोवती शिरते. पुढे वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पातळ पाणी टपकत असेल, तर रुग्णाने पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत यायचं. हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना सुटीच्या कार्डावर लिहून द्यायचं.